जरीची हाक, तरीची ओ

स्पेलिंगच्या चुकीबद्दल मला कधी फारशी आपुलकी वाटली नाही. ती घाईतून येते, तिला गाव नसतं. ‘रिसीव्ह’मध्ये आधी ‘ई’ की आधी ‘आय’ हा घोळ लंडनच्या पोराचाही होतो आणि लातूरच्याही. पण काही चुका घरंदाज असतात. त्यांच्या चालण्यावरूनच त्या कुठल्या वाड्यातून आल्या ते कळतं. इंग्रजी शिकवण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्या मास्तराला मे महिन्यात अशा चुका रोज भेटतात. दुपारची वेळ, वर कुरकुरणारा पंखा, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला आजीचा पितळी अडकित्ता, हातात लाल पेन, आणि समोर निळ्या शाईत, ओळीला धरून, अतिशय मन लावून लिहिलेलं एक वाक्य : ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम टू स्कूल.’

स्पेलिंग बिनचूक. काळ बिनचूक. स्वल्पविराम तर इतका जागच्या जागी की त्याला वेगळा अर्धा गुण द्यावा. आणि तरीही ‘बट’भोवती लाल गोल करावा लागतो. तो गोल करताना पेन दर वेळी जरासं अडखळतं, कारण हे वाक्य लिहिणाऱ्या मुलाचं व्याकरण कच्चं नसतं. ते चांगलं पक्कं असतं, फक्त मराठीचं असतं. त्याच्या मनात वाक्य उमटलेलं असतं ते असं : जरी पाऊस पडत होता, तरी तो शाळेत आला. जरीला ऑल्दो, तरीला बट. हिशेब चोख. एक शब्द घेतला, एक दिला, कुणाचं काही ठेवलं नाही. अशा प्रामाणिक व्यवहारात चूक काढायची म्हणजे काढणाऱ्यालाच थोडं अपराध्यासारखं वाटतं.

मराठीत जरी ही हाक आहे आणि तरी ही तिला दिलेली ओ. ‘जरी’ म्हटलं की ऐकणारा कान टवकारून बसतो. मधे पाऊस येवो, पूर येवो, पाहुणे येवोत, ‘तरी’ कानावर पडेपर्यंत तो काही हलत नाही. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा, जिथे-तिथे, जो-तो, सगळे असेच. हे वळण आजचं नाही. संस्कृतातले यदि-तर्हि, यदा-तदा, यथा-तथा, यद्यपि-तथापि अशा जोड्याच आपल्याकडे वारशानं आल्या. ज्या भाषेत हाकेला ओ देणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, तिथलं मूल ऑल्दो म्हणून हाक मारेल आणि पुढे गप्प बसेल, ही अपेक्षा करणंच मुळी विचित्र आहे.

पण गंमत याहून खोल आहे, आणि ती मला वर्गात फळ्यापाशी उभं राहून कधी दिसली नाही, म्हणींनी दाखवली. जोडी आहे म्हटल्यावर दोघांना सारखा मान असेल असं आपण धरून चालतो. तसं नाही. ‘असतील शिते तर जमतील भुते’ या म्हणीत ‘जर’ कुठे आहे? ‘बळी तो कान पिळी’मध्ये ‘जो’ कुठे आहे? ‘करावे तसे भरावे’मधला ‘जसे’, ‘देव तारी त्याला कोण मारी’मधला ‘ज्याला’, ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’मधला ‘जेव्हा’, सगळे गायब. शेकडो वर्षं तोंडोतोंडी फिरताना म्हणींनी अंगावरचं जास्तीचं सगळं टाकून दिलं, आणि टाकताना प्रत्येक वेळी पहिलाच टाकला. दुसऱ्याला कुणी हात लावला नाही. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’सारख्या म्हणीत दोघे सुखानं नांदतात, पण पहिला ठेवून दुसऱ्याला घालवलेली म्हण निदान माझ्या तरी ओळखीत नाही. बोलण्यातही तसंच. ‘पाऊस पडत होता तरी तो आला’ हे अस्सल मराठी. ‘जरी पाऊस पडत होता, तो आला’ असं कुणी म्हणालं तर आपण त्याच्याकडे बघत राहतो, की बाबा, पुढे? आपल्याकडे हाक न मारता दिलेली ओ चालते; ओ न मिळालेली हाक चालत नाही.

आता त्या मुलाच्या जागी बसून पाहा. मास्तर सांगतात, इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचा, म्हणून ‘बट’ काढ. म्हणजे जो शब्द त्याच्या भाषेत काही झालं तरी काढता येत नाही, नेमका तोच काढायला सांगतात, आणि जो काढला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही तो ठेवायला सांगतात. मुलगा मान हलवतो, ‘हो सर’ म्हणतो आणि पुढच्या पेपरात ‘बट’ पुन्हा लिहितो. त्याचा हात ऐकत नाही. बिनओचं वाक्य त्याला पुरं झालंय असं वाटतच नाही.

इंग्रजीचा हिशेब निराळा आहे, आणि तो समजावायला मी व्याकरणाच्या संज्ञा वापरणं हळूहळू सोडून दिलं. आपल्याच पुस्तकात उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक असे दोन गट दिलेले असतात आणि सगळी गोम त्यातच आहे. पण हे शब्द उच्चारले की मागच्या बाकापर्यंत डोळे मिटत जातात. त्यापेक्षा तळहात बरा. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर हात ठेवायचा आणि उरलेलं वाचायचं. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, ही केम टू स्कूल’ यात पहिला भाग झाकला की उरतं ‘ही केम टू स्कूल’. तो शाळेत आला. झालं, वाक्य आपल्या पायावर उभं आहे. आता बटवाल्या वाक्यावर तोच हात ठेवा. उरतं ‘बट ही केम टू स्कूल’. पण तो शाळेत आला. ‘पण’ म्हणजे मागे काहीतरी आहे. बरं, मागचं बघू म्हणून हात उचलून दुसऱ्या अर्ध्यावर ठेवला तर तिथे ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग’. जरी पाऊस पडत होता... म्हणजे पुढे काहीतरी आहे. पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा पहिल्याकडे, आणि मूळ वाक्य कुणाकडेच नाही. आमच्या खात्यात अर्ज केलेल्या कुणालाही हा अनुभव नवा नसावा. इंग्रजीची अट एवढीच, की दोन अर्ध्यांपैकी एक तरी बिनआधाराचं उभं राहिलं पाहिजे. मग ‘ऑल्दो’ ठेवून ‘बट’ काढा, किंवा ‘बट’ ठेवून ‘ऑल्दो’ काढा. तिला दोन्ही सारखंच.

आणि तरीला इंग्रजीत शब्दच नाही असं थोडंच आहे? आहे की. तरी म्हणजे बट नव्हेच. बट म्हणजे पण. तरीचे खरे भाऊबंद ‘येट’ आणि ‘स्टिल’. हे दोघे मूळचे क्रियाविशेषणाच्या घरचे असल्यामुळे वाक्यात कुठेही सरकून बसतात : ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, ही स्टिल केम टू स्कूल.’ बट असा सरकत नाही, ‘ही बट केम’ म्हणून पाहा. त्याला दोन वाक्यांच्या मधोमध, उंबऱ्यावरच उभं राहायचं असतं. आमच्या वेळच्या जुन्या शिक्षकांनी तर ‘दो’च्या मागून ‘येट’ येतो अशी जोडीच घोकून घेतली होती, आणि रेन अँड मार्टिनच्या व्याकरणात ती जोड्यांच्या यादीत मानानं बसलेलीही आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ती भेटते. आज ती जरा जुन्या वळणाची वाटते, पण चूक नाही. म्हणजे उत्तरपत्रिकेतल्या त्या मुलानं ‘बट’ऐवजी ‘येट’ लिहिलं असतं तर त्याची ओ त्याला ठेवता आली असती आणि माझ्या लाल शाईचा एक थेंब वाचला असता.

‘बिकॉज’ आणि ‘सो’ची कथा मला याहून नाजूक वाटते. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, सो ही डिड नॉट कम.’ इथे कुठली जोडी आड आली? ‘ज्याअर्थी-त्याअर्थी’ आहे खरी, पण ती पोरांच्या तोंडात कुठली असायला! या चुकीचं मूळ एका साध्या ‘म्हणून’मध्ये आहे. ‘पाऊस होता म्हणून तो आला नाही’ हे वाक्य सावकाश म्हणून पाहा आणि मधे श्वास कुठे घेता ते ऐका. ‘पाऊस होता म्हणून’, आणि मग श्वास. म्हणजे हा म्हणून पावसाच्या बाजूचा आहे. खात्री करायची तर कुणालाही विचारा, तो का आला नाही? उत्तर येईल, ‘पाऊस होता म्हणून.’ वाक्य तिथेच संपतं आणि कुणाला काही अपुरं वाटत नाही. पण हाच म्हणून वाक्याच्या तोंडाशी आला, ‘पाऊस होता. म्हणून तो आला नाही’ असा, की तो दुसऱ्या बाजूचा होतो. तिथे तो खुशाल ‘सो’ आहे. पहिल्या जागी मात्र त्याचं काम ‘बिकॉज’चं आहे, फक्त शेपटीला बसून केलेलं. मुलगा भाषांतराला बसतो तेव्हा त्याला दोन्ही ऐकू येतात. कारण सांगायचंय, म्हणून आधी ‘बिकॉज’ लिहितो. पुढे जाताना वाटेत ‘म्हणून’ हा शब्द प्रत्यक्ष भेटतो, त्याला डावलणं जिवावर येतं, म्हणून ‘सो’ही लिहितो. एकाच माणसाला दोन दारांतून आत घेतल्यामुळे पंगतीत एक पान जास्त पडतं, एवढाच तो गुन्हा.

त्यातून इंग्रजीही स्वतःच्या पोरांशी सारखी वागत नाही. जर-तरला इथे मोकळीक आहे. ‘इफ’च्या मागून ‘देन’ आला तर कुणी भुवई उंचावत नाही. मग एका जोडीला मुभा आणि दुसरीला लाल गोल, हा न्याय बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कसा पटावा? ‘व्हेन’च्या मागे ‘देन’ आला की पुन्हा चूक. वकिलांच्या इंग्रजीत तर ‘व्हेअरॅज... नाउ देअरफोर’ असा अख्खा ज्याअर्थी-त्याअर्थी राजरोस नांदतो. आपल्या शासकीय आदेशांत ‘ज्याअर्थी’च्या चार-चार परिच्छेदांनंतर दम लागलेला ‘त्याअर्थी’ येतो, तो त्याच इंग्रजीचा तर्जुमा. म्हणजे नववीतल्या पोरानं केलं की चूक, आणि तेच शिक्क्यासकट केलं की मसुदा.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी पाहिली तर तिच्याही घरात हाक आणि ओ होती. त्या जुन्या भाषेत ‘जेव्हा’साठी आणि ‘तेव्हा’साठी एकच छोटा शब्द असे, आणि तो एका वाक्यात दोनदा येई, एकदा हाक म्हणून, एकदा ओ म्हणून. पुढे ती रीत मोडली. पण ‘द मोअर, द मेरिअर’ म्हणताना जे दोन ‘द’ येतात ते नेहमीचे ‘द’ नव्हेत. ते तशाच एका जुन्या जोडीचे वंशज, आपल्या जितके-तितकेचे लांबचे नातेवाईक. आणि हे दुखणं एकट्या मराठी पोराचंही नाही. चिनी भाषेत जरी-पण आणि कारण-म्हणून अशाच जोडीनं वापरतात, त्यामुळे तिकडची मुलंही ‘ऑल्दो-बट’ आणि ‘बिकॉज-सो’ तितक्याच निष्ठेनं लिहितात. बीजिंगमधल्या कुणी मास्तरीण बाई अशाच एखाद्या दुपारी अशाच एका ‘बट’भोवती गोल करत असतील, या कल्पनेनं मला उगाच सोबत मिळाल्यासारखं होतं.

‘डिस्पाइट ऑफ’ मात्र मराठीतून आलेलं नाही. मराठीत आपण ‘पाऊस असूनही’ म्हणतो. त्यात ‘चा-ची-चे’ कुठे नाही, मग ‘ऑफ’ येणार कुठून? ते येतं शेजारच्या ‘इन स्पाइट ऑफ’कडून. ‘बिकॉज ऑफ’, ‘इन्स्टेड ऑफ’, ‘इन केस ऑफ’ अशी आळीच्या आळी ऑफवाल्यांची असताना ‘डिस्पाइट’ एकटाच बिनऑफचा कसा राहील, असा पोरांचा भाबडा विचार. पण हा शब्द थोडा उकलला तर त्या विचाराला चक्क आधार सापडतो. ‘डिस्पाइट’ आधी नाम होतं. जुन्या फ्रेंचमधून आलेलं, अर्थ तुच्छता. त्याला पुढेमागे टेकू देऊन ‘इन डिस्पाइट ऑफ’ म्हणत, शेक्सपिअरनंही म्हटलंय. मग लोकांना तो पल्ला लांब वाटू लागला. कुणी डोकं कापलं, ‘डि’ गेला आणि ‘इन स्पाइट ऑफ’ उरलं. कुणी दोन्हीकडचे टेकू काढले आणि नुसतं ‘डिस्पाइट’ उरलं. ‘डिस्पाइट ऑफ’ लिहिणारा मुलगा पुढचा टेकू काढतो आणि मागचा तसाच ठेवतो. काही शतकांपूर्वी हेही छापून येत असे. आज काय करायचं, तर ‘डिस्पाइट’च्या मागे सरळ नाम ठेवायचं, ‘डिस्पाइट द रेन’. ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ असं अख्खं वाक्यही त्याच्या पाठीवर लादायचं नाही. वाक्य न्यायचंच असेल तर ‘ऑल्दो’ आहेच. इतकं सांगून मी पुढे जातो. या चुकीत शंभरदा समजावण्यासारखं काही नाही, एकदा लक्षात आलं की जाते.

‘बट’ जात नाही. आणि एका वाक्यापाशी तर तो जावा असं मलाही वाटलं नाही. ‘माय फादर’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. बहुतेकांचे फादर ‘टॉल अँड हँडसम’ असतात, सकाळी लवकर उठतात आणि त्यांचा छंद वाचन असतो. ते सगळ्यांचे गाइडमधून आलेले फादर. एकानं लिहिलं होतं, ‘ऑल्दो देअर वॉज नो रेन, बट माय फादर सोड द फील्ड.’ जरी पाऊस नव्हता, तरी माझ्या वडिलांनी पेरणी केली. ‘सो’ या क्रियापदाचा भूतकाळ त्याला बरोबर आला होता, जो पुष्कळांना येत नाही. तो त्यानं पुस्तकातून शोधून काढलेला दिसत होता, कारण त्या शब्दाखाली पेन्सिलीची खोडलेली खूण होती. मी ‘बट’ खोडला आणि वाक्य पुन्हा वाचलं. व्याकरण सरळ झालं होतं, पण वडील जरा वाकल्यासारखे वाटले. पाऊस नव्हता, पेरणी केली, अशी कुणी तलाठ्यानं नोंद करावी तसं. त्यांचा सगळा हट्ट त्या काढलेल्या तीन अक्षरांत होता. शेवटी समासात ‘स्टिल’ लिहिलं, बाण काढून ‘सोड’च्या आधी नेऊन बसवलं, ‘माय फादर स्टिल सोड द फील्ड’, आणि गुण पुरे दिले. मॉडरेटर माझे स्नेही आहेत. त्यांनी वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ‘मास्तर, पाऊस आला का पण नंतर?’ उत्तरपत्रिकेत ते लिहिलेलं नव्हतं. दहा ओळी संपल्या होत्या.

हल्ली वारं उलटं वाहू लागलं आहे. टीव्हीवर बाहेरच्या मालिका मराठीत बोलतात, त्या इंग्रजीवरून उतरवलेल्या असतात. तिथली नायिका खिडकीशी उभी राहून म्हणते, ‘जरी मी तुला माफ केलं, मी परत येणार नाही.’ घरात कुणाला काही खटकत नाही. आमची मोठी आत्या मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत लसूण सोलत बसलेली असते. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. नायिका ‘माफ केलं’पाशी थांबली की आत्याची बोटं थांबतात आणि ती वर न बघता, शाळेत कविता विसरलेल्या मुलीला मागून सांगावं तशा आवाजात, ‘तरी’ म्हणते. नायिका आपलं पुढे बोलत राहते. दोन मिनिटांनी ‘जर तू गेलास, मी मरेन’ येतं. ‘तर’, आत्या म्हणते, आणि पुढची पाकळी उचलते.